भाव डॉलरमध्ये, पैसे रुपयांत: दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारात चलन आणि विनिमय दराचं कलम कसं लिहायचं

"भाव अमेरिकन डॉलरमध्ये राहील, बिल प्रचलित आरबीआय दराने रुपयांत देय राहील." तांबं, अॅल्युमिनियम, पॉलिमर, रसायनं अशा मालाच्या दोन-तीन वर्षांच्या करारांत हे वाक्य हमखास सापडतं. वाचायला ते पूर्ण वाटतं, पण पहिलं बिल आलं की प्रश्न सुरू होतात. "प्रचलित" म्हणजे कुठल्या दिवशीचा? बिलाच्या, माल पोहोचल्याच्या, की पैसे देण्याच्या? त्या दिवशी मुंबईत बँका बंद असतील तर काय? आणि आरबीआय दर म्हणजे नेमका कुठला? हा संदर्भ दर आरबीआय स्वतः काढत नाही, त्याला आता काही वर्षं झाली.

हे कलम कसं बांधायचं ते एकाच उदाहरणावर पाहू. चाकणचा एक मोटार-वाइंडिंगचा कारखाना सिल्वासाच्या पुरवठादाराकडून तांब्याचे रॉड घेतो. महिन्याला 20 टन, मुदत तीन वर्षं, उधारी 30 दिवसांची. दोघेही भारतातले. तांब्याचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर, म्हणजे एलएमईवर, डॉलरमध्ये ठरतो आणि पैसे रुपयांत द्यायचे आहेत. खालचे भावाचे आणि दराचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत, ते आजचे बाजारभाव समजू नयेत.

## तयारी: मसुदा उघडण्याआधी

आधी पुरवठादाराकडून भावाची फोड मागवा. त्यातला कुठला भाग खरोखर डॉलरशी बांधलेला आहे ते तुम्हाला कळायला हवं. कॅथोडची, म्हणजे ज्यापासून रॉड बनतो त्या शुद्ध तांब्याच्या पत्र्याची किंमत आणि त्यावरचं प्रीमियम, म्हणजे पुरवठादाराचा जादा आकार, डॉलरमध्ये असतं. कॅथोड वितळवून रॉड ओढण्याचा खर्च मात्र वीज, मजुरी आणि भाड्याचा, म्हणजे रुपयांतला. बरेच पुरवठादार सोयीसाठी हा खर्चही डॉलरमध्येच लावतात. मग रुपया घसरला की त्यांची मजुरी आपोआप वाढते आणि ती वाढ कुणी मागितलेलीही नसते. म्हणून हा भाग रुपयांत वेगळा काढा. त्यात दरवर्षी वाढ द्यायची असेल तर तिचं कलम स्वतंत्र असू द्या.

मग दोन्हीकडच्या अकाउंट्सना एक प्रश्न विचारा: चलनाची जोखीम तुम्ही कशी झाकता? पुरवठादार फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचे डॉलर आजच ठरलेल्या दराने घेण्याचा सौदा, करत असेल तर तो कुठल्या तारखेचा, कुठल्या सरासरीवर, हे कळलं पाहिजे. कारण करारातला दर आणि त्याचं हेजिंग, म्हणजे जोखीम झाकण्याचा सौदा, वेगवेगळ्या काळाचं असेल, तर मधला फरक तो कुठून तरी वसूल करणारच, बहुधा प्रीमियममधून.

शेवटी गेल्या बारा महिन्यांचे रोजचे दर एका तक्त्यात उतरवून ठेवा. प्रत्येक टप्प्यावर कलमाचा मसुदा या तक्त्यावर चालवून बघायचा आहे.

## टप्पा 1: भावाचं चलन आणि देण्याचं चलन वेगवेगळ्या वाक्यांत लिहा

पहिली चूक इथेच होते. किंमत कशात मोजायची ही एक गोष्ट आणि पैसे कशात द्यायचे ही दुसरी. एका वाक्यात दोन्ही कोंबलं की पुढच्या प्रत्येक कलमात, म्हणजे दंड, आगाऊ रक्कम, परतावा, व्याज यांत, "रक्कम" म्हणजे कुठल्या चलनातली हा वाद उघडा राहतो.

आपल्या उदाहरणात असं लिहायचं:

> (क) मालाच्या किमतीतील धातूचा भाग आणि प्रीमियम अमेरिकन डॉलरमध्ये मोजले जातील. प्रक्रिया शुल्क भारतीय रुपयांत मोजले जाईल.
>
> (ख) या करारान्वये देय होणारी प्रत्येक रक्कम फक्त भारतीय रुपयांत दिली जाईल. डॉलरमधील उल्लेख केवळ हिशेबासाठी आहे आणि त्यामुळे कोणत्याही पक्षाला डॉलरमध्ये पैसे मागण्याचा किंवा देण्याचा हक्क मिळत नाही.

(ख) मधलं शेवटचं वाक्य गाळू नका. दोन्ही पक्ष भारतात राहणारे असताना आपसांतलं देणं परदेशी चलनात करणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कक्षेत येतं आणि परवानगीशिवाय चालत नाही. भाव डॉलरला बांधून पैसे रुपयांत देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि कागदावर ती वेगळीच दिसली पाहिजे. एखादा पक्ष एसईझेडमध्ये असेल किंवा परदेशी चलनाच्या खात्यातून पैसे देऊ पाहत असेल, तर मसुदा करण्याआधी बँकेला लेखी विचारा.

सावध: दंडाची कमाल मर्यादा, सुरक्षा ठेव, आगाऊ रक्कम यांचे आकडे कराराच्या इतर पानांवर विखुरलेले असतात. प्रत्येक आकड्यापुढे चलन आहे ना ते पाहा. "कराराच्या मूल्याच्या 5 टक्के" असं लिहिलं असेल तर ते मूल्य कुठल्या दिवशीच्या दराने रुपयांत आणायचं, तेही सांगावं लागेल.

## टप्पा 2: दराचा स्रोत नावानिशी लिहा

डॉलर-रुपयाचे एकाच दिवशी निदान चार "अधिकृत" दिसणारे दर सापडतात आणि त्यांतला प्रत्येक वेगळ्या कामासाठी असतो.

पहिला, एफबीआयएलचा संदर्भ दर. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था 10 जुलै 2018 पासून तो काढते आणि जाहीर करते. त्याआधी हे काम रिझर्व्ह बँक करायची, म्हणून लोकांच्या तोंडी अजून "आरबीआय रेट" आहे. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली पंधरा मिनिटांची एक खिडकी यादृच्छिक पद्धतीने निवडली जाते आणि त्या वेळात बाजारात झालेल्या खऱ्या व्यवहारांवरून दर निघतो. तो दुपारी दीडच्या सुमारास, चार दशांश स्थळांपर्यंत जाहीर होतो. शनिवार-रविवारी आणि मुंबईतल्या बँक सुट्ट्यांना दर नसतो.

दुसरा, बँकेचा टीटी सेलिंग दर. आयातदाराला बँक ज्या भावाने डॉलर विकते तो हा. यात बँकेचं मार्जिन असतं, त्यामुळे तो संदर्भ दरापेक्षा वर असतो. बँकेनुसार बदलतो आणि एकाच बँकेत दिवसभरातही बदलू शकतो.

तिसरा, सीमाशुल्कासाठी जाहीर केलेला दर. तो रोज बदलत नाही, आयात आणि निर्यातीसाठी वेगळा असतो, आणि त्याचं काम शुल्काचं मूल्यांकन करण्यापुरतं आहे. भावाच्या सूत्रात कस्टम ड्युटीचा भाग असेल तर तिथे तो योग्य ठरतो. बाकीच्या सूत्रात आणू नका.

चौथा, इंटरनेटवर शोधल्यावर दिसणारा दर. हसू नका, हा दर लावून आलेली बिलं मी पाहिली आहेत. तो कुठल्या क्षणाचा आणि कोणाचा, हे सहा महिन्यांनी कुणालाच दाखवता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एफबीआयएलचा दर घ्या. तो व्यवहारांतून निघतो, दोघांपैकी कुणाच्याही हातात नसतो आणि जुन्या तारखेचाही सापडतो. पुरवठादार टीटी सेलिंगचा आग्रह धरेल आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण संदर्भ दराने त्याला कुणीच डॉलर विकत नाही. पण मग त्या मार्जिनची किंमत टेबलावर आणा.

हिशेब असा. एलएमई सरासरी 9,500 डॉलर आणि प्रीमियम 200 डॉलर, म्हणजे टनाला 9,700. वीस टनांचे झाले 1,94,000 डॉलर. टीटी सेलिंग आणि संदर्भ दर यांच्यात 40 पैशांचा फरक धरला तर महिन्याला 77,600 रुपये होतात, तीन वर्षांत जवळपास 28 लाख. हे पैसे द्यायचे की नाहीत हा वाटाघाटीचा भाग आहे. द्यायचेच असतील तर प्रक्रिया शुल्कात टनाला 3,880 रुपये उघडपणे वाढवा. दरात लपवलेलं मार्जिन बँक उद्या वाढवू शकते. शुल्कात लिहिलेला आकडा तुमच्या सहीशिवाय बदलत नाही.

> (ग) "संदर्भ दर" म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया प्रायव्हेट लिमिटेड (एफबीआयएल) किंवा तिची उत्तराधिकारी प्रशासक संस्था हिने त्या दिवसासाठी जाहीर केलेला, एका अमेरिकन डॉलरमागे भारतीय रुपयांत व्यक्त केलेला संदर्भ दर. अन्य कोणताही दर, तो कोणत्याही बँकेने, शासकीय विभागाने किंवा माध्यमाने दर्शवलेला असला तरी, या कराराच्या हिशेबासाठी वापरला जाणार नाही.

डॉलरऐवजी युरो, पौंड किंवा येन असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. या चलनांचे एफबीआयएल दर डॉलर-रुपया दराला त्या वेळच्या डॉलरमधल्या भावाने गुणून किंवा भागून काढलेले असतात. आणि येनचा दर 100 येनमागे असतो. येनच्या करारात "प्रति येन" लिहून बिलाचा शंभरपट गोंधळ घालायला एक शब्द पुरतो.

तपासा: तुमच्या जुन्या करारात "आरबीआयने जाहीर केलेला दर" असं असेल तर दोन्ही बाजूंच्या सहीने एक ओळीची दुरुस्ती करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर हा दर दिसतो, त्यामुळे रोजचं काम अडत नाही. पण ज्याला पैसे द्यायचे नसतात त्याला "आरबीआय असा दर जाहीरच करत नाही" हे वाक्य फार उपयोगी पडतं. अर्थ निश्चित नसलेला आणि निश्चित करताही न येणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे रद्दबातल ठरतो. प्रकरण तिथवर जाईलच असं नाही, पण वकिलाच्या पहिल्या नोटिशीत ते कलम जरूर येतं.

## टप्पा 3: दर कुठल्या दिवसाचा, की कुठल्या महिन्याचा

सगळ्यात जास्त पैसे या टप्प्यात हलतात.

पैसे देण्याच्या दिवशीचा दर घेतला तर उधारीच्या तीस दिवसांची सगळी जोखीम ग्राहकावर येते आणि बिल किती रुपयांचं आहे हे बिलावर लिहिताच येत नाही. आपल्या उदाहरणात डॉलर एक रुपयाने हलला की महिन्याचं देणं 1,94,000 रुपयांनी हलतं. 2013 च्या मे महिन्यात डॉलर 54-55 रुपयांच्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर 68 च्या पार गेला. तेवढीच उडी पुन्हा आली तर वीस टनांमागे सुमारे 25 लाखांचा फरक पडतो. रुपया मजबूत होत असेल तर उलटं होतं, ग्राहक मुद्दाम पैसे लांबवतो. म्हणून देण्याच्या तारखेला दर बांधू नका. दर एकदाच ठरवून रुपयांतली रक्कम गोठवायची, आणि उशीर झाला तर रुपयांत व्याज लावायचं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 45 दिवसांच्या मर्यादेचा आणि उशिरावरच्या व्याजाचा कायदा वेगळा लागू होतोच. त्यावर चलनाचा फरकही मागू दिला तर उशिराची भरपाई दोनदा होते.

डिस्पॅचच्या दिवशीचा दर सोपा वाटतो. पण ट्रक सकाळी दहाला निघतो आणि दर दुपारी दीडला येतो. जीएसटीचं बिल माल निघताना करावं लागतं. त्यामुळे असा करार असेल तर "डिस्पॅचच्या लगतपूर्वी जाहीर झालेला दर" असंच लिहा. शिवाय एकाच दिवसाच्या दरावर बिल बांधलं की कुठल्या दिवशी ट्रक सोडायचा हा खेळ पुरवठादाराच्या हातात जातो.

म्हणून दीर्घ करारात मासिक सरासरीच बरी. तिचे दोन प्रकार आहेत.

चालू महिन्याची सरासरी. महिना संपल्याशिवाय ती कळत नाही. तोवर बिलं तात्पुरत्या भावाने निघतात आणि महिनाअखेर डेबिट किंवा क्रेडिट नोट लागते. समजा तात्पुरता भाव मागच्या महिन्याच्या सरासरीने धरला: (9,300 + 200) × 85.10, म्हणजे टनाला 8,08,450 रुपये. चालू महिन्याची सरासरी निघाली 9,500 आणि 85.4126. अंतिम भाव झाला 8,28,502.22. टनामागे फरक 20,052.22, वीस टनांवर 4,01,044.40 रुपयांची डेबिट नोट आणि त्यावर जीएसटी वेगळा. दर महिन्याला हे करायला दोन्हीकडे शिस्तीचं अकाउंट्स लागतं.

मागच्या महिन्याची सरासरी. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी भाव ठरलेला असतो आणि नोटांची भानगड राहत नाही. पण बाजार चढता असेल तर पुरवठादार एक महिना मागे राहतो, उतरता असेल तर ग्राहक. तीन वर्षांत हे बरंचसं समतोल होतं. शेवटच्या महिन्यांत मात्र कुणीतरी जास्त किंवा कमी माल उचलून त्याचा फायदा घेऊ शकतो. त्यासाठी मासिक प्रमाणात किती बदल चालेल यावर मर्यादा घाला, उदाहरणार्थ अधिक-उणे 10 टक्के.

मध्यम कारखान्यांसाठी मी दुसरा प्रकार सुचवतो. पण एक अट: धातूचा भाव आणि विनिमय दर एकाच महिन्याचे घ्या. भाव मागच्या महिन्याचा आणि दर बिलाच्या दिवशीचा, अशी खिचडी अनेक करारांत असते. ती जोखीम कुठल्याच हेजिंगने नीट झाकता येत नाही.

### सरासरी कशाची?

आधी दोन्हींची वेगळी सरासरी काढून मग गुणायचं, की रोज गुणून त्याची सरासरी काढायची? उत्तरं वेगळी येतात. दोनच दिवस घेऊ. पहिल्या दिवशी भाव 9,000 आणि दर 86, दुसऱ्या दिवशी 10,000 आणि 84. सरासऱ्या गुणल्या तर 9,500 × 85 = 8,07,500. रोज गुणलं तर 7,74,000 आणि 8,40,000, त्यांची सरासरी 8,07,000. टनामागे 500 रुपयांचा फरक, वीस टनांना 10,000.

रोज गुणण्यात आणखी एक अडचण आहे, सुट्ट्या जुळत नाहीत. 1 मेला किंवा गणेश चतुर्थीला मुंबई बंद असते तेव्हा लंडनचा भाव असू शकतो, पण दर नसतो. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी लंडन बंद असतं आणि मुंबईत दर येतो. म्हणून वेगवेगळ्या सरासऱ्या काढा आणि प्रत्येकीसाठी फक्त ज्या दिवशी तो आकडा जाहीर झाला तेच दिवस मोजा.

> (घ) कोणत्याही महिन्यात पाठवलेल्या मालासाठी "लागू दर" म्हणजे लगतपूर्वीच्या दिनदर्शिका महिन्यात ज्या ज्या दिवशी संदर्भ दर जाहीर झाला त्या सर्व दिवसांच्या संदर्भ दरांची साधी सरासरी. ज्या दिवशी दर जाहीर झाला नाही तो दिवस सरासरीत धरला जाणार नाही आणि त्यासाठी आदल्या दिवसाचा दर पुन्हा मोजला जाणार नाही.
>
> (ङ) "धातूचा भाव" म्हणजे (घ) मधील त्याच लगतपूर्वीच्या महिन्यातील, एलएमईने जाहीर केलेल्या तांब्याच्या कॅश सेटलमेंट भावांची साधी सरासरी.

सावध: (ङ) मध्ये "कॅश सेटलमेंट" हे शब्द हवेतच. एलएमईवर तीन महिन्यांचा भावही असतो. नुसतं "एलएमई भाव" लिहिलं की प्रत्येक महिन्यात जो सोयीचा तो काढला जातो.

## टप्पा 4: सूत्र, दशांश आणि सोडवलेलं उदाहरण

शब्दांत कितीही नीट लिहा, सूत्र स्वतंत्र ओळीत द्या:

```
किंमत (रु./टन) = (L + P) × R + C
```

L म्हणजे धातूचा भाव, P डॉलरमधलं प्रीमियम, R लागू दर, C रुपयांतलं प्रक्रिया शुल्क. कंस विसरू नका. कंस नसेल तर फक्त P ला दराने गुणायचं, असाही अर्थ एखादा लावेल.

दशांशांचा नियम एका ओळीचा: L दोन स्थळांपर्यंत, R चार स्थळांपर्यंत, आणि रुपयांतली अंतिम किंमत दोन स्थळांपर्यंत, मध्ये आणखी कुठेही राउंडिंग नाही. वरच्या उदाहरणात R चार स्थळांऐवजी 85.41 धरला तर वीस टनांना 504.40 रुपये कमी होतात. रक्कम किरकोळ आहे. पण दोन्हीकडच्या खात्यांत दर महिन्याला न जुळणारे पाचशे रुपये उरले की ऑडिटच्या वेळी छत्तीस फरकांचा खुलासा मागितला जातो.

मग कराराच्या परिशिष्टात एक महिना पूर्ण सोडवून दाखवा. C 9,000 रुपये धरू: (9,500.00 + 200) × 85.4126 + 9,000 = 8,37,502.22 रुपये प्रति टन. वीस टनांचे 1,67,50,044.40, कर वेगळे. परिशिष्टात स्पष्ट लिहा की आकडे नमुन्याचे आहेत, पण पद्धत बंधनकारक आहे. शब्दांचा अर्थ लावण्यात मतभेद झाला तर लवादापुढे हे पान सगळ्यात जास्त कामाला येतं.

तपासा: परिशिष्टाचा हिशेब ज्याने कलम लिहिलं नाही अशा माणसाकडून, फक्त कलम वाचून, करून घ्या. त्याचं उत्तर पैशापर्यंत जुळलं नाही तर दोष कलमात आहे, माणसात शोधू नका.

## टप्पा 5: दर मिळालाच नाही तर

हे पोटकलम सगळ्यात घाईत लिहिलं जातं: "दर उपलब्ध नसल्यास उभयपक्षी चर्चेने ठरवावा." चर्चेने ठरवायचं ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं. एखादा दर कायमचा बंद होतो हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. जगभरच्या कर्जकरारांत असलेला डॉलर लायबॉर हा संदर्भ व्याजदर 30 जून 2023 नंतर जुन्या पद्धतीने निघणं बंद झालं, आणि ज्यांच्या करारात पर्याय लिहिलेला नव्हता त्यांतल्या अनेकांना एकेक करार उघडून दुरुस्त करावा लागला.

तीन प्रसंग वेगळे ठेवा. एखाद-दुसऱ्या दिवशी दर आला नाही तर मासिक सरासरीत तो प्रश्नच उरत नाही, दिवस गाळला जातो. महिन्यात फारच थोडे दिवस दर आला तर सरासरी विश्वासाची राहत नाही, तिथे पर्याय हवा. आणि दर कायमचा थांबला किंवा तो काढण्याची पद्धत मुळातून बदलली तर उत्तराधिकारी दर हवा.

> (च) एखाद्या महिन्यात संदर्भ दर दहापेक्षा कमी दिवस जाहीर झाल्यास, त्या महिन्यासाठी लागू दर हा परिशिष्टात नावे दिलेल्या तीन प्राधिकृत बँकांनी त्या महिन्याच्या शेवटच्या पाच कामकाजाच्या दिवशी दुपारी 12 वाजता दिलेल्या खरेदी व विक्री दरांच्या मध्यबिंदूंची सरासरी असेल. दोनच बँकांनी दर दिल्यास त्या दोहोंची सरासरी घेतली जाईल.
>
> (छ) संदर्भ दर कायमचा बंद झाल्यास भारतीय रिझर्व्ह बँकेने किंवा प्रशासक संस्थेने त्याच्या जागी नेमलेला दर लागू होईल. असा दर नेमला गेला नसल्यास नवा दर लेखी मान्य होईपर्यंत (च) मधील पद्धत दर महिन्याला वापरली जाईल.
>
> (ज) जाहीर झालेला संदर्भ दर प्रशासक संस्थेने पुढील 30 दिवसांत दुरुस्त केल्यास फरकाची नोट काढली जाईल. त्यानंतरच्या दुरुस्तीमुळे झालेला हिशेब बदलणार नाही.

(च) मध्ये "खरेदी व विक्रीचा मध्यबिंदू" का? बँकांना नुसता "दर" विचारला तर त्या विक्री दर देतात, आणि टप्पा 2 मध्ये बाहेर काढलेलं मार्जिन मागच्या दाराने परत येतं.

सावध: पर्यायी दरांच्या बँकांत कुठल्याही पक्षाला कर्ज देणारी मुख्य बँक असेल तर ते आधीच उघड करा किंवा तिचं नाव वगळा.

## टप्पा 6: हिशेब कोण मांडणार, हरकत कधी घ्यायची

हे थोडक्यात उरकता येतं. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पुरवठादार भावपत्रक पाठवेल आणि त्यात रोजचे दर व भाव जोडेल, फक्त सरासरी नाही. ग्राहक पाच कामाच्या दिवसांत लेखी हरकत घेईल. हरकत असली तरी वादात नसलेली रक्कम वेळेवर द्यायची. फक्त बेरीज-गुणाकाराचा वाद असेल तर तो एका स्वतंत्र सनदी लेखापालाकडे द्या, लवादाकडे नको. चार लाखांच्या नोटेसाठी लवाद बसवला तर खर्च नोटेपेक्षा मोठा होतो.

## टप्पा 7: पाच तारखांची चाचणी

सही करण्याआधी कलम या पाच प्रसंगांवर चालवा आणि प्रत्येकाचं उत्तर कलमातून, कुणालाही न विचारता, मिळतं का पाहा:

1. 1 मेला सकाळी ट्रक निघाला, मुंबईत सुट्टी.
2. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी दर आला, एलएमई बंद.
3. 31 तारखेला रात्री ट्रक निघाला आणि 1 तारखेला चाकणला पोहोचला. महिना कुठला? (कलमात "पाठवलेल्या" आहे, म्हणजे निघाल्याचा.)
4. माल मार्चमध्ये आला, त्यातले दोन टन जूनमध्ये परत पाठवले. क्रेडिट नोट मार्चच्या भावाने की जूनच्या? मसुद्यात हे बहुधा नसतंच. "मूळ बिलाच्या भावाने" ही ओळ घाला.
5. करार संपला, शेवटच्या महिन्याचं बिल बाकी आहे. हे कलम करार संपल्यावरही टिकतं असं लिहिलं आहे का?

## पुरवठादार परदेशात असेल तर

मग पैसे बहुधा डॉलरमध्येच जातील, तुमची बँक त्या दिवसाच्या तिच्या दराने डॉलर विकेल आणि संदर्भ दराचा रोजचा उपयोग संपेल. 11 जुलै 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यांमार्फत, म्हणजे परदेशी बँकांनी भारतातल्या बँकांत उघडलेल्या रुपया खात्यांमार्फत, रुपयांतही बिल आणि देणं करता येतं. तो मार्ग घेतलात तर वरचं कलम जवळजवळ तसंच लागू पडतं. फक्त समोरच्या पक्षाच्या देशातला सुट्टीचा दिवस हाही एक प्रसंग म्हणून चाचणीत घाला.

डॉलरच्या करारातही रूपांतराची एक तारीख लिहावीच लागते: वाद होऊन निवाडा भारतात वसूल करायचा झाला तर. करारात काही नसेल तर तारीख न्यायालयांच्या निकालांवर ठरते. 1980 च्या दशकातल्या फोरासोल विरुद्ध ओएनजीसी प्रकरणापासून ते 2024 च्या डीएलएफ विरुद्ध कोंकार प्रकरणापर्यंत सर्वोच्च न्यायालयाला याच प्रश्नात शिरावं लागलं. दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की निवाड्यावरच्या हरकती निकाली निघून तो अंमलात आणण्याजोगा होतो त्या दिवशीचा दर घ्यायचा, आणि मधल्या काळात न्यायालयात भरलेल्या रकमेसाठी ती भरल्याच्या दिवशीचा. म्हणजे वाद वर्षानुवर्षं चालला तर तेवढी वर्षं दर उघडाच राहतो. तुमच्या कलमात याबद्दल काय लिहिता येईल, ते लवादाचं काम करणाऱ्या वकिलाकडून लिहून घ्या.

## सहीनंतरची दोन कामं

पहिलं काम पीओचं, म्हणजे खरेदी आदेशाचं. मूळ करार कितीही नीट असला तरी माल पीओवर निघतो आणि पीओच्या मागच्या बाजूला छापलेल्या अटींत बऱ्याचदा "पीओच्या दिनांकाचा विनिमय दर" असं काहीतरी पडून असतं. करारात लिहा की पीओ आणि करारात फरक आला तर भाव, चलन आणि दर यांबाबत करार वरचढ राहील. आणि पीओच्या साच्यातली ती ओळ प्रत्यक्षात काढून टाका.

दुसरं ईआरपीचं, म्हणजे कंपनीचा हिशेब ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचं. बिल तपासणारा माणूस करार उघडत नाही, स्क्रीनवरचा दर बघतो. सॅप ही प्रणाली वापरत असाल तर साधारणपणे `M` या रेट टाइपखालचा दर हिशेबाला येतो आणि तो रोज कुठून भरला जातो हे अनेकदा खरेदी विभागाला माहीतच नसतं. या करारासाठी वेगळा रेट टाइप उघडून त्यात महिन्यातून एकदा (घ) प्रमाणे काढलेली सरासरी भरा, आणि ती भरण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. पहिल्या महिन्याचं बिल हाताने, परिशिष्टातल्या पद्धतीने, पैशापर्यंत जुळवूनच पास करा.